गोट्याचे मराठी कार्ड: लेबल आणि केस पेपर भाषांतराच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

नेरूळमधील एका कुटुंबाची बंगळुरूला बदली झाल्यामुळे त्यांचा गोट्या नावाचा बोका ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्या मावशींकडे जाणार आहे. मावशी मराठी उत्तम वाचतात. इंग्रजी मात्र त्यांना वाचता येत नाही, आणि मुलगा पाळीत काम करत असल्यामुळे तो घरात नेमका कधी असेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे खाण्याच्या पिशवीवरचे लेबल आणि डॉक्टरांचे केस पेपर मराठीत आणून, त्यातून भिंतीवर लावता येईल असे एक कार्ड तयार करून देण्याचे काम दत्तक देणाऱ्या आमच्या गटाने माझ्याकडे सोपवले आहे.

आज हाती आलेले फोटो असे आहेत: सुक्या खाण्याच्या दीड किलोच्या पिशवीच्या मागच्या बाजूचे तीन, ओल्या खाण्याच्या पाऊचचा एक आणि केस पेपरच्या पानांचे सहा. पिशवीचे फोटो रात्री फ्लॅश टाकून काढल्यामुळे खाण्याच्या प्रमाणाचा तक्ता नेमका चकाकीखाली गेला आहे आणि पिशवीच्या घडीमुळे त्याचे शीर्षक दिसत नाही. शीर्षकाशिवाय तो तक्ता निरुपयोगी असतो, कारण आकडे ग्रॅममध्ये आहेत की कपात, दिवसाचे आहेत की एका वेळचे, हे सारे त्या एका ओळीत लिहिलेले असते. घरच्यांना निरोप पाठवला आहे की पिशवी टेबलावर सपाट पसरावी, दिवसा खिडकीजवळ फ्लॅश बंद करून चारही बाजूंचे फोटो काढावेत आणि ते व्हॉट्सॲपवर साधे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, म्हणजे बारीक अक्षरे फुटणार नाहीत. पिशवीच्या तळाशी छापलेली मुदत आणि बॅच क्रमांक यांचाही फोटो मागितला आहे.

९ जून २०२५

नवे फोटो स्वच्छ आले आहेत. भाषांतराला हात घालण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे मूळ मजकूर ओळीला ओळ लावून टाईप करून घेतला आणि जिथे अक्षर लागले नाही तिथे अंदाजाने काहीही न भरता ‘अस्पष्ट’ एवढेच लिहिले. ही शिस्त केस पेपरसाठी जास्त गरजेची आहे, कारण तिथे एकेका टिंबावर औषधाची मात्रा बदलते.

केस पेपरवरून दिसणारी हकीकत थोडक्यात अशी. गोट्या पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, देशी आखूड केसांचा बोका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची लघवी पूर्ण अडली होती. त्या वेळी वजन ५.६ किलो होते आणि शरीराच्या ठेवणीचा गुण नऊपैकी सात, म्हणजे बोका स्पष्टपणे जाड, असा नोंदवला आहे. मूत्रमार्गात नळी घालून ती दोन दिवस ठेवली होती. लघवीचा सामू ७.५ आणि त्यात स्ट्रुवाइटचे भरपूर स्फटिक आढळले. एक्स-रेमध्ये खडा दिसला नाही. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन त्या दिवशी ३.८ होते. २३ एप्रिलच्या फेरतपासणीत सामू ६.५, स्फटिक नाहीत, क्रिएटिनिन १.४ आणि वजन ५.४ किलो अशी नोंद आहे.

स्ट्रुवाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा क्षार. आम्लधर्मी लघवीत तो विरघळतो आणि लघवी घट्ट व अल्कधर्मी झाली की पुन्हा जमतो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो, त्यामुळे स्फटिक आणि चिकट स्राव यांचे बूच तिथे बसते. मांजरीला त्या मानाने हा धोका कमी असतो. पिशवीतील खाणे याच कामासाठी बनवलेले आहे. त्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून ठेवलेले आहेत, लघवी किंचित आम्ल राहील अशी घटकांची जुळणी आहे आणि मांजराने जास्त पाणी प्यावे म्हणून मीठ वाढवलेले आहे. मावशींना एवढे कारण समजणे पुरेसे आहे, पण ते समजणे आवश्यकही आहे, नाहीतर हे खाणे म्हणजे दुकानातले आणखी एक महाग खाणे असा समज होऊन पिशवी संपल्यावर शेजारच्या दुकानातले कोणतेही खाणे आणले जाईल.

११ जून २०२५

आजचा पूर्ण दिवस प्रमाणाच्या तक्त्यात गेला. तक्त्यात डावीकडे मांजराचे वजन आणि पुढे तीन रकाने आहेत: बारीक, योग्य आणि जाड. पाच किलोच्या ओळीत अनुक्रमे ६६, ५९ आणि ५२ असे आकडे आहेत आणि शीर्षकात ‘दर दिवशी ग्रॅम’ असे स्पष्ट छापलेले आहे. हे आकडे संपूर्ण दिवसाचे आहेत. लेबल वाचताना सर्वाधिक गल्लत इथेच होते. दोन वेळा खाऊ घालणारा माणूस तो आकडा एका वेळचा समजतो आणि जनावराला रोज दुप्पट खाणे जाते. म्हणून मराठीत मी रकान्याचे शीर्षक ‘दिवसभराचे एकूण, सर्व वेळा मिळून’ असे लांबवले. शब्द वाढले तरी चालतील, पण या ठिकाणी संदिग्धता नको.

खरी अडचण अशी की हा तक्ता फक्त सुके खाणे देणाऱ्यांसाठी आहे, तर डॉक्टरांनी २३ एप्रिलला ‘दिवसाला २०० किलोकॅलरी, रोज १ पाऊच, उरलेले सुके’ असे लिहिले आहे. ग्रॅमचा आकडा त्यांनी दिलेला नाही. मावशींनी पाच किलोच्या ओळीतले ५२ ग्रॅम आणि वर पाऊच दिला, तर बोक्याचे वजन उतरण्याऐवजी वाढेल. म्हणून हिशेब मांडावा लागला.

पाऊचवर ऊर्जा दर १०० ग्रॅमला ८२ किलोकॅलरी अशी छापली आहे, पण पाऊच ८५ ग्रॅमचा आहे. म्हणजे एका पाऊचमध्ये सुमारे ७० किलोकॅलरी. सुक्या पिशवीवर मात्र ऊर्जा दर किलोला ३८०० अशी दिली आहे, म्हणजे ग्रॅमला ३.८. दोन्ही लेबलांची मोजमापे वेगळी असल्यामुळे ते आकडे शेजारी ठेवून चालत नाही. दोन्ही एका मापावर आणावे लागतात. २०० मधून ७० गेले की १३० उरतात आणि १३० ला ३.८ ने भागले की ३४ ग्रॅम येतात.

पडताळा म्हणून उलट बाजूनेही गणित केले. लेबलाच्या ‘जाड’ रकान्यातील ५२ ग्रॅम म्हणजे १९८ किलोकॅलरी, म्हणजे डॉक्टरांच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे. पाऊचची ७० किलोकॅलरी सुक्याच्या १८ ग्रॅमइतकी आहे. ५२ मधून १८ वजा केले की पुन्हा ३४ येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, त्यामुळे मांडणीत घोळ नाही. तरीही हा आकडा माझ्या गणिताचा आहे, डॉक्टरांच्या हातचा नाही. तो त्यांनी मान्य केल्याशिवाय कार्डावर चढणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासली. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्याचे जे सूत्र पशुवैद्यकात वापरतात ते असे आहे:

```
70 × (वजन किलोमध्ये)^0.75
```

केस पेपरवर गोट्याचे योग्य वजन ४.८ किलो लिहिलेले आहे. त्यावरून उत्तर सुमारे २२७ किलोकॅलरी येते. डॉक्टरांचे २०० हे त्याहून थोडे कमी आहेत आणि वजन हळूहळू उतरवायचे असेल तर आकडा असा कमीच असायला हवा. केस पेपरवरचा आकडा मी वाचला तसाच आहे, २०० चे ३०० किंवा १०० झालेले नाही, एवढी खात्री करण्यापुरताच मी या सूत्राचा उपयोग करतो.

१२ जून २०२५

केस पेपरचे हस्ताक्षर बरे आहे, तरी दोन जागा धोक्याच्या निघाल्या.

पहिली जागा प्राझोसिन या गोळीची. नळी काढल्यानंतर मूत्रमार्गाचे स्नायू सैल राहावेत म्हणून ती दिली होती. मात्रा ‘.२५ मिलिग्रॅम, तोंडावाटे, दिवसातून दोनदा, सात दिवस’ अशी आहे. टिंबाच्या आधी शून्य लिहिलेले नाही आणि फोटोत टिंब इतके फिकट आहे की कागदाची घडी समजून डोळा ते वगळू शकतो. हे औषध मुळात माणसांच्या रक्तदाबाचे असून औषधाच्या दुकानात त्याची २.५ मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी मिळते. म्हणजे ती गोट्याच्या मात्रेच्या दसपट झाली. मांजराच्या पोटात ती गेली तर रक्तदाब धोकादायक पातळीला उतरू शकतो.

इथे मराठी करण्याच्या पद्धतीबद्दल एक निर्णय घेतला. सहा पानांचे केस पेपर तारखेच्या क्रमाने जसेच्या तसे मराठीत दिले, तर नव्या पालकाला त्यातले संपलेले उपचारही चालू उपचारांसारखे दिसतात, आणि ‘डॉक्टरांनी लिहिलेली गोळी’ म्हणून कोणी ती घेऊन येईल ही भीती खोटी नाही. म्हणून भाषांतराचे दोन भाग केले. पहिल्या भागात फक्त आज चालू असलेल्या गोष्टी: खाणे, पाणी, फेरतपासणी, लस. दुसऱ्या भागात जुना इतिहास, आणि त्यातील प्रत्येक औषधापुढे ‘हे औषध पूर्ण झाले आहे, आता देऊ नये’ अशी ओळ. मात्र ‘पूर्ण झाले’ हे मी तारखांवरून ठरवलेले आहे. तेही डॉक्टरांना विचारायचे आहे.

दुसरी जागा लशीची. पुढच्या लशीची तारीख ०७/०८/२५ अशी आहे. ती ७ ऑगस्ट की ८ जुलै, हे त्या एका ओळीवरून सांगता येत नाही, पण त्याच हाताने त्याच पानावर २३/०४/२५ असे लिहिले आहे आणि तेविसावा महिना नसतो, म्हणून दिवस आधी आणि महिना नंतर असे ठरते. मराठीत महिन्याचे नाव अक्षरात लिहिले: ७ ऑगस्ट २०२५.

१३ जून २०२५

नेरूळच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले. प्रश्न आधी लिहून पाठवले होते, त्यामुळे फार वेळ लागला नाही. ३४ ग्रॅम आणि एक पाऊच हे प्रमाण त्यांनी मान्य केले. प्राझोसिन मार्चमध्येच बंद झाल्याचे सांगितले आणि सध्या कोणतेही औषध चालू नसल्याची खात्री दिली.

लेबलावरच्या एका इशाऱ्याबद्दल मला मुद्दाम विचारायचे होते. पिशवीवर लिहिले आहे की वाढत्या वयाची पिल्ले, गाभण किंवा पाजणारी मांजरी, मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेली मांजरे यांना हे खाणे देऊ नये, आणि लघवी आम्ल करणाऱ्या औषधांबरोबरही ते देऊ नये. आता फेब्रुवारीच्या केस पेपरवर क्रिएटिनिन ३.८ आहे. मावशींच्या मुलाने तो आकडा आणि हा इशारा एकत्र वाचला, तर बोक्याचे मूत्रपिंड खराब आहे असे समजून तो हे खाणे बंद करेल, आणि त्याचा तर्क वरवर पाहता चुकीचा म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट केले की लघवी अडल्यामुळे तो आकडा त्या वेळी चढला होता, एप्रिलमध्ये तो उतरला, आणि आजच्या स्थितीत या खाण्याला हरकत नाही. ही तीन वाक्ये त्यांच्या नावाने भाषांतरात घातली. त्यांनी असेही सांगितले की दर फेरतपासणीत क्रिएटिनिन पाहिले जाईल आणि ते चढले तर खाणे बदलावे लागेल. ते वाक्यही सोबत जोडले, कारण त्याशिवाय पहिली तीन वाक्ये कायमचा परवाना ठरली असती.

१४ जून २०२५

चेंदणीला मावशींकडे जाऊन घर पाहिले. भाषांतर करणाऱ्याने घर पाहायची गरज काय, असे गटात एकाने विचारले होते. गरज अशी की डॉक्टरांनी केस पेपरवर ‘दुसरे काही खाऊ घालू नये’ एवढेच लिहिले आहे, आणि दुसरे काही म्हणजे काय हे घराघरावर अवलंबून असते. मावशींच्या स्वयंपाकघरात फळीवर बरण्या ओळीने मांडलेल्या आहेत: सुकट, जवळा, सोडे, वाकट्या, सुके बोंबील. पावसाळ्याची बेगमी नुकतीच भरून झाली होती आणि झाकण उघडले की वास ओटीपर्यंत येत होता. मावशी म्हणाल्या, “बोक्याला जवला घातला तर तो दुसरं कायला खाईल?” प्रश्न रास्तच होता.

सुकी मासळी खारवलेली असते आणि सुकट-जवळा तर सालीसकट, काट्यासकट खाल्ला जातो, त्यामुळे मीठ आणि खनिजे दोन्ही बरोबर जातात. लेबलावरील मोजून ठेवलेले मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मूठभर जवळ्याने मोडीत निघते. म्हणून कार्डावर ‘दुसरे काही’ हे शब्द न ठेवता नावे लिहायची असे ठरले: सुकट, जवळा, सोडे, बोंबील, कालवणातली मासळी, दूध, आणि इतर मांजरांचे खाणे. कांदा-लसूण घातलेले कोणतेही कालवण मांजराच्या रक्तपेशींना घातक असते, तेही त्याच ओळीत आले. हा मजकूर मूळ कागदांत नाही, म्हणून कार्डावर तो वेगळ्या चौकटीत ‘पालकासाठी खुलासा, डॉक्टरांना दाखवलेला’ अशा शीर्षकाखाली ठेवला आणि संध्याकाळी फोटो पाठवून डॉक्टरांचा होकार घेतला.

घरी बरण्या मांडलेल्या असल्या तरी वजनकाटा नव्हता. मावशींनी वाटीचे माप चालेल का असे विचारले. दाण्यांचा आकार ब्रँडनुसार बदलतो, वाटी शिगेची की सपाट यावर काही ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि ३४ ग्रॅममध्ये पाच ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ एक सप्तमांश. रोजचे एवढे जास्त खाणे गेले तर वजन उतरणे थांबते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा गटाच्या खर्चातून आणून दिला. पद्धत सोपी ठरवली: सकाळी रिकामी डबी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, त्यात दिवसभराचे दाणे मोजून भरायचे, आणि दिवसभरात बोक्याने जितक्या वेळा मागितले तितक्या वेळा त्या डबीतूनच द्यायचे. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे सुके संपले. पाऊच अर्धा सकाळी, अर्धा रात्री; उरलेला झाकून फ्रिजमध्ये, आणि देण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर ठेवून, वर दोन चमचे पाणी घालून.

काटा आल्यावर कार्डाची एक बारीक गोष्ट बदलावी लागली. काट्याच्या पडद्यावर इंग्रजी अंक उमटतात आणि आपला ४ घाईत इंग्रजी 8 सारखा, तर आपला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो. मावशींना चष्म्याशिवाय लांबून कार्ड वाचायचे आहे. म्हणून प्रमाणाच्या ओळीत आकडा पडद्यावर दिसतो तसा `34` असा मोठ्या अक्षरात आणि शेजारी ‘चौतीस ग्रॅम’ असे शब्दांत लिहिले.

१५ जून २०२५

कार्डाची खालची अर्धी बाजू इशाऱ्यांसाठी राखून ठेवली आणि तिथे मुद्दामच कमी मजकूर ठेवला. लेबलावरील सर्व इशारे पूर्ण भाषांतरात आहेत. भिंतीवर फक्त तेच आले, ज्यांच्यामुळे त्याच दिवशी धावपळ करावी लागेल.

पहिला इशारा लघवीचा. बोका पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, पण ट्रे कोरडाच राहतो किंवा दोनचार थेंब पडतात; ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो, कोपऱ्यात लपतो, उलटी करतो. लोकांना हे बद्धकोष्ठासारखे वाटते, कारण बसण्याची ढब तशीच असते, आणि मग एरंडेल किंवा दूध पाजण्यात दिवस जातो. नर मांजराची लघवी पूर्ण अडली तर रक्तातले पोटॅशियम वाढत जाऊन हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून कार्डावर लिहिले: ‘जोर करतो पण लघवी होत नाही असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये.’ त्याखाली ठाण्यात रात्री उघडे असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक मावशींच्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला.

दुसरा इशारा न खाण्याचा. नवीन घरी मांजर बिचकते आणि खाणे टाकते. त्यावर ‘भूक लागली की खाईल’ हा उपाय जाड मांजराला लागू करता येत नाही. उपाशी राहिल्यास त्याच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन, अशी मर्यादा डॉक्टरांनी घालून दिली.

तिसरा इशारा एका ओळीचा: माणसांची ताप किंवा दुखण्याची गोळी मांजराला अजिबात देऊ नये. पॅरासिटामोल मांजराच्या शरीरात पचत नाही आणि एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

संध्याकाळी गोट्या नेरूळहून ठाण्याला आला. येताना वजन केले ते ५.३ किलो भरले.

२२ जून २०२५

मावशींनी डबीचा आणि ट्रेचा फोटो पाठवला. पहिल्या दिवशी बोक्याने फक्त पाऊच चाटला, दुसऱ्या दिवसापासून डबी संपू लागली. लघवी दिवसातून दोन-तीनदा, ट्रेमध्ये मोठे गोळे होतात. फळीवरच्या बरण्यांची झाकणे आता दोऱ्याने बांधलेली आहेत, असे मुलाने कळवले.

पावसाने सगळीकडे ओल आली आहे. मावशींनी पिशवीतले दाणे काढून प्लॅस्टिकच्या बरणीत भरण्याचा विचार केला होता. दाणे बरणीत ओतले की मुदत, बॅच क्रमांक आणि ऊर्जेचा आकडा हे तिन्ही पिशवीबरोबर कचऱ्यात जातात, म्हणून पिशवीच तोंड घट्ट दुमडून आणि चिमटा लावून बरणीत ठेवावी असे सुचवले. दाण्यांना कुबट वास आला किंवा ते मऊ पडले तर टाकून द्यावेत, हेही सांगितले.

१३ जुलै २०२५

वजन ५.२ किलो. महिन्याला शंभर ग्रॅमच्या आसपास उतार आहे आणि डॉक्टरांना तो संथपणा मान्य आहे. जाड मांजराचे वजन भराभर उतरलेले त्यांना नको होते.

जुनी पिशवी संपत आल्याने मुलाने नवी आणली. कार्डावर ‘नवी पिशवी उघडण्यापूर्वी मागच्या बाजूचा फोटो पाठवावा’ अशी ओळ होती, त्यानुसार त्याने फोटो पाठवला. ब्रँड तोच, रंग तोच, समोरचे मांजर तेच, पण हा प्रकार कमी ऊर्जेचा निघाला: किलोला ३८०० ऐवजी ३५००. इशाऱ्यांचा मजकूर जुन्या पिशवीशी शब्दशः जुळतो, मॅग्नेशियमचा आकडाही जवळपास तोच आहे, मात्र तक्ता वेगळा आहे. डॉक्टरांना दोन्ही लेबलांचे फोटो शेजारीशेजारी पाठवले. त्यांनी सांगितले की लघवीच्या दृष्टीने दोन्ही एकाच कामाची आहेत, वजनाच्या दृष्टीने नवा प्रकार उलट सोयीचा आहे, कारण तेवढ्याच ऊर्जेत बोक्याला थोडे जास्त दाणे मिळतात. नवा हिशेब: १३० भागिले ३.५, म्हणजे ३७ ग्रॅम.

बदल एका आठवड्यात करायचा आहे. पहिले दोन दिवस डबीत तीन भाग जुने आणि एक भाग नवे, पुढचे दोन दिवस निम्मे-निम्मे, त्यानंतर दोन दिवस एक भाग जुने आणि तीन भाग नवे, मग पूर्ण नवे. मिश्रणाच्या दिवसांत ग्रॅमचा आकडा रोज बदलण्याच्या फंदात मावशींना पाडले नाही. मिश्रणाचे सहा दिवस `35` आणि नंतर `37`, असे दोनच आकडे दिले. फरक दिवसाला चारपाच किलोकॅलरींच्या आतला आहे.

कार्डाची दुसरी आवृत्ती छापली. तिच्यावर वर उजवीकडे पिशवीचा प्रकार आणि ‘किलोला ३५०० किलोकॅलरी असलेल्या पिशवीसाठीच’ हे शब्द चौकटीत टाकले. जुने कार्ड मुलाकडून परत मागवून फाडले, कारण दोन कार्डे घरात राहिली तर कोणते खरे हे पाहुण्या माणसाला कळणार नाही.

२४ जुलै २०२५

काल फेरतपासणी झाली, ठाण्याच्या डॉक्टरांकडे. जुन्या केस पेपरच्या इंग्रजी प्रतीही सोबत दिल्या होत्या, कारण डॉक्टरांना मराठी भाषांतर नव्हे, मूळ कागद लागतात. लघवीचा सामू ६.५, स्फटिक नाहीत, क्रिएटिनिन १.५, वजन ५.२ किलो. खाणे तेच, दिवसाला २०० किलोकॅलरी, पुढचे वजन महिन्याने, लघवीची तपासणी पुन्हा तीन महिन्यांनी.

नवीन पानाचे भाषांतर आज पूर्ण झाले. क्रिएटिनिनचे तिन्ही आकडे तारखांसह एका ओळीत मांडले, म्हणजे पुढच्या वेळी चढ झाला तर मुलाच्या नजरेत तो लगेच येईल. ७ ऑगस्टच्या लशीची आठवण कार्डावर आहे. ती टोचून झाली की डॉक्टरांच्या सहीचा फोटो यायचा बाकी राहील.